एका विमानाचे तीन अर्ज

देऊळगाव राजाच्या ज्या शाळेत माझे यजमान लक्ष्मीकांत क्लार्क आहेत, तिथे नव्या शिक्षकाला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळते. यांच्या टेबलावर अर्ज ठेवायचा तर एका अर्जात एकच विषय हवा. कुणी रजा आणि फंडातली उचल एकाच कागदावर मागितली, की कागद परत येतो. हे रागावत नाहीत. नुसतं म्हणतात, "दोन करून आणा." कारण विचारलं तर सांगतात की कागद एकाच फायलीत लागतो, त्यामुळे दुसरा विषय तिथेच मरतो. पुढे दोन वर्षांनी तोच माणूस माझ्या फंडाचं काय झालं म्हणून भांडायला येतो.

यात त्यांचं चुकत नाही. त्यांच्या हातून शाळेतल्या कुणाची पेन्शन अडली नाही, कुणाची वेतनवाढ राहिली नाही. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. स्वतःसाठी मात्र मी त्यांना आयुष्यात कुणाकडे काही मागताना पाहिलं नव्हतं. हॉटेलात भाजी खारट निघाली तर हे पाणी पिऊन जेवतात. एसटीत कुणी आमच्या आरक्षित जागेवर बसलं तर म्हणतात, चिखलीला उतरेल तो. मी शैलजा, बी.ए. झालेली, घरी लहान मुलांच्या शिकवण्या घेते. लग्नापासून मी या स्वभावावर बोलत आले आणि तो काही बदलला नाही.

आज ते आरोहीचे कागद घेऊन रेल्वेत आहेत. परवा भुसावळहून गाडीत बसले, उद्या सकाळी गुवाहाटीला उतरतील. फोन लागत नाही. झोप येत नाही म्हणून हे लिहायला बसले आहे.

आरोही आमची एकुलती मुलगी. तिला आसाममधल्या एका सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली, तेव्हा आमच्या गल्लीत निम्म्या लोकांनी विचारलं की हे आसाम आलं कुठे. शेजारच्या विमलबाई म्हणाल्या, "काऊन इतक्या दूर धाडता पोरीले? जालन्याले नाही का कालेज?" मलाही रात्री तेच वाटायचं, पण दिवसा मी सगळ्यांना पेढे दिले. कॉलेजात हजर व्हायला दिवस थोडे होते. रेल्वेची तिकिटं मिळेनात, तेव्हा यांनी आयुष्यात पहिल्यांदा विमानाची दोन तिकिटं काढली. संभाजीनगरहून दिल्ली आणि दिल्लीहून गुवाहाटी, एकाच कंपनीचं, एकाच तिकिटावर.

कागदांची व्यवस्था यांनी ऑफिसला शोभेल अशी केली होती. मूळ कागद, म्हणजे दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, सगळं एका जाड फायलीत घालून ती फाइल पाठीवरच्या सॅकमध्ये. ही सॅक हातातून सोडायची नाही. झेरॉक्स प्रतींचा साक्षांकित संच मोठ्या बॅगेत, कपड्यांखाली. ती बॅग विमानाच्या पोटात.

संभाजीनगरहूनच विमान साडेसहा तास उशिरा सुटलं. कारण विचारलं तर काउंटरवर 'ऑपरेशनल' एवढंच सांगितलं. खायला एक सँडविच आणि पाण्याची बाटली मिळाली. दिल्लीला पोचेपर्यंत गुवाहाटीचं विमान निघून गेलं होतं. कंपनीने दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात जागा दिली, पण राहण्याची सोय काही केली नाही. बाप-लेकीने रात्र खुर्च्यांवर काढली. आरोही फोनवर हसत होती, मी मात्र देवघरासमोरून उठले नाही.

सकाळचं ते विमान खच्चून भरलेलं होतं. दारापाशी कर्मचारी एकेकाच्या हातातल्या बॅगा बाजूला घेत होते, वर ठेवायला जागा नाही म्हणून. यांची सॅक घेतली तेव्हा यांनी सांगितलं, यात मूळ कागद आहेत. त्या मुलीने सॅकला पट्टी बांधली, तिचा तुकडा यांच्या हातात दिला आणि गुवाहाटीला सामानाच्या पट्ट्यावर मिळेल असं म्हणाली. आरोही म्हणाली, "बाबा, फाइल तरी काढून घ्या." मागे रांग खोळंबली होती. हे तिला म्हणाले, "त्यांची पद्धत असेल, चल."

गुवाहाटीला मोठी बॅग आली. सॅक आली नाही.

तिथे मात्र यांनी एक चांगलं काम केलं. काउंटरवरचा माणूस नुसता नंबर लिहून घेत होता. हे म्हणाले, मला लेखी द्या. बॅग न मिळाल्याचा रीतसर रिपोर्ट करून घेतल्याशिवाय आणि त्यावर क्रमांक पडल्याशिवाय ते विमानतळाबाहेर आले नाहीत. कागद हातात आला की यांना धीर येतो. कॉलेजने साक्षांकित प्रती पाहून आरोहीला तात्पुरता प्रवेश दिला आणि हमीपत्र लिहून घेतलं. सप्टेंबरअखेर मूळ कागद किंवा त्यांच्या अधिकृत दुय्यम प्रती आल्या नाहीत तर प्रवेश रद्द.

हे परत आले त्याच संध्याकाळी कंपनीला लिहायला बसले. मी चहा घेऊन गेले तेव्हा पाहिलं, टेबलावर तीन मसुदे वेगवेगळे. एक विमानाच्या उशिराबद्दल, एक सॅक न मिळाल्याबद्दल, एक कागद गहाळ झाल्याबद्दल. मी म्हटलं, एकच लिहा ना. ते म्हणाले, "विषय तीन आहेत." प्रत्येकाच्या शेवटी होतं की 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती.' इंग्रजीतसुद्धा त्यांनी ती विनंती तशीच नम्र उतरवली होती. तीन ईमेल गेले. तिन्हींना वेगवेगळे तक्रार क्रमांक आले. यांनी ते वहीत एकाखाली एक उतरवले आणि समाधानाने जेवले.

मग वाट पाहणं सुरू झालं. सॅक शोधत आहोत, एवढंच उत्तर यायचं. हेल्पलाइनवर गाणं वाजायचं, मग एखादा मुलगा हिंदीत दिलगिरी व्यक्त करायचा. आरोही रोज विचारायची. पुढे तिने विचारणं बंद केलं, तेव्हा मला जास्त भीती वाटली.

मी यांना म्हटलं, सॅक मिळेल तेव्हा मिळेल, दुय्यम प्रतींच्या मागे लागा. गुणपत्रिकांच्या प्रती अमरावतीच्या विभागीय मंडळातून मिळणार होत्या. शाळा सोडल्याचा दाखला तर यांच्याच ऑफिसातून. आरोही त्याच शाळेत बारावी झाली. एक दिवसाचं काम. पण यांनी मान हलवली. दुय्यम प्रतीला मूळ प्रत गहाळ झाल्याचा पुरावा लागतो. पोलिसांत गहाळची नोंद, प्रतिज्ञापत्र, आणि सामान कंपनीकडे दिलेलं असल्यामुळे कंपनीचं पत्र की ते सापडलेलं नाही. कंपनी अजून शोधतच आहे म्हणते, मग गहाळ झालं असं लिहायचं कसं?

मुख्याध्यापक पंजाबराव सर मूळचे संग्रामपूरकडचे. मधल्या सुट्टीत त्यांनी यांना सगळ्यांसमोर धरलं. "भाऊसाहेब, पोरगी तुमची, रजिस्टर तुमचं, सही माही. आता कोनाची वाट पाहून राह्यले? तुमचीच?" स्टाफरूममध्ये हशा झाला. यांनी शांतपणे सांगितलं की गेल्या वर्षी धाड गावच्या एका पालकाला आपण याच कारणासाठी परत पाठवलं होतं. पंजाबराव सर म्हणाले, "त्या पालकाले बोलावून घेऊ, त्याले बी देऊ." हे हसले, पण दाखला केला नाही.

घरी आल्यावर मी बोलले. जरा जास्तच बोलले. मुलीचं वर्ष जाईल आणि तुमचं रजिस्टर स्वच्छ राहील, असंही म्हटलं. रात्री त्यांच्या ताटातली पोळी तशीच राहिली.

एकवीस दिवस उलटले तशी उत्तरं आली. तिन्ही एका पाठोपाठ. पहिल्यात लिहिलं होतं की उशिराबद्दल खेद आहे, उशीर ऑपरेशनल कारणाने झाला, प्रवाशांना खाद्यपदार्थ दिले होते, सबब तक्रार बंद. तिसऱ्यात होतं की कागद हे सामानाचाच भाग असल्याने त्याबद्दल आधीच एक तक्रार आहे, सबब ही बंद. आणि सामानाच्या तक्रारीच्या उत्तरात होतं की सॅक सापडली नाही. वजन केलेलं नसल्यामुळे हातातल्या बॅगेची मर्यादा सात किलो धरली, किलोमागे साडेतीनशे, एकूण दोन हजार चारशे पन्नास. सोबतचा संमतीचा फॉर्म सही करून पाठवावा.

यांनी लगेच फोन लावला. पैशाचं सोडा, सॅक सापडली नाही असं कंपनीच्या कागदावर स्वतंत्र पत्र द्या. पलीकडच्या मुलाने सांगितलं की फॉर्म भरून आला की केस पूर्ण होते, मग पत्राचं बघता येतं.

मी म्हटलं, करा सही. मनापासून म्हटलं. दोन हजार येवोत नाहीतर दोन रुपये, मला पत्र हवं होतं. त्यांनाही तेच वाटत होतं. टेबलावर आलेला कागद रात्रभर पडू द्यायचा नाही ही त्यांची सवय. फॉर्म छापून आणला, बँकेचे तपशील भरले, पेन सहीच्या जागी नेलं आणि थांबले. मग आरोहीला फोन केला, फॉर्मचं शेवटचं वाक्य वाचून दाखवलं आणि विचारलं की बरोबर समजलं का मला.

आरोही म्हणाली, "बाबा, त्यात लिहिलंय या प्रवासाबद्दलचे सगळे दावे मिटले. म्हणजे विमानाला उशीर झाला, रात्री दिल्लीला बसून राहिलो, तेही."

"पण हा फॉर्म सामानाचा आहे," हे म्हणाले. "उशिराचा विषय यात आला कसा?"

मला त्या क्षणी वाटलं, कशाला शब्द मोजताय, करा सही. पण यांचा चेहरा मी ओळखते. एका कागदात कुणीतरी गुपचूप दोन विषय घातले होते, आणि ते त्यांना सहन होणारं नव्हतं. पेनचं टोपण लावून त्यांनी निशिगंधाला फोन केला.

निशिगंधा याच शाळेची विद्यार्थिनी. आता बुलढाण्याला वकिली करते, ग्राहक आयोगातली कामं बऱ्यापैकी तिच्याकडे असतात. दुसऱ्या दिवशी रजा टाकून आम्ही दोघं एसटीने चिखलीमार्गे बुलढाण्याला गेलो. तिचं ऑफिस एका औषधाच्या दुकानावर. जिना चढताना माझ्या हातातली पिशवी यांनी घेतली आणि मग दोन्ही पिशव्या आणि फाइल सावरत चढले. तशा प्रसंगातही मला हसू आलं.

निशिगंधाने तिन्ही ईमेल, तिन्ही उत्तरं, रिपोर्ट, पट्टीचा तुकडा, सगळं नीट वाचलं. मग चष्मा काढला.

"भाऊसाहेब, तुम्ही एका विमानाचे तीन तुकडे केले. त्यांनी एकेक तुकडा उचलून कपाटात ठेवला."

यांनी आपलं म्हणणं सांगितलं, फायलींचं. तिने ऐकून घेतलं. शाळेत ते बरोबर आहे, म्हणाली, कारण शाळेत तुम्ही बसलेले असता. कंपनीत तुमच्यासारखा कुणी बसलेला नाही. एकाने उशीर पाहिला आणि सँडविच दिलं म्हणून बंद केलं. दुसऱ्याने सॅक पाहिली आणि वजन लावलं. तिसऱ्याने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. विमान उशिरा निघालं म्हणून पुढचं चुकलं. चुकलं म्हणून तुम्हाला त्या भरलेल्या विमानात बसवलं. ते भरलेलं होतं म्हणून सॅक काढून घेतली. मौल्यवान वस्तू आणि कागद सामानात देऊ नका, हा त्यांचा नियम आहे आणि ते तोच पुढे करतील. पण तुम्ही दिलं नव्हतं. कागद आहेत असं सांगूनही त्यांनी घेतलं. हे कुठल्याच तुकड्यात एकत्र लिहिलेलं नाही.

यांनी खिशातून पेन काढलं. मग म्हणाले, "विषय काय लिहायचा?"

"प्रवास," निशिगंधा म्हणाली.

मी मधेच विचारलं की पत्राचं काय. सही केली नाही आणि त्यांनी पत्र दिलंच नाही तर? निशिगंधाने फॉर्म माझ्यापुढे सरकवला. यात पत्र देऊ असं कुठे लिहिलंय दाखवा, म्हणाली. नव्हतंच लिहिलेलं. फोनवरचा मुलगा बघू म्हणाला होता, तेवढंच. सही केल्यावर तो उद्या तिथे नोकरीला नसला तरी तुमचे दावे मिटलेलेच असतील. मला ते पटलं, पण सप्टेंबर धावत होता.

तक्रार तिच्या टेबलावरच लिहिली. वरचा अधिकारी म्हणजे कंपनीचा नोडल अधिकारी, त्याला. तिथे समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे. शिवाय विमान प्रवाशांसाठी सरकारचं जे तक्रारीचं पोर्टल आहे तिथेही तीच नोंदवायची. मसुदा यांनी केला आणि निशिगंधा लाल पेन घेऊन बसली. 'कृपया' काढला. 'शक्य झाल्यास' काढला. 'आपल्या कार्यबाहुल्यातून वेळ काढून' हे वाचून ती इतकी हसली की खालच्या दुकानातला मुलगा वर पाहायला आला. यांनी ते स्वतःच खोडलं. मग मजकूर असा झाला, इंग्रजीतून मराठीत मी इथे आणते आहे:

'आपल्या विमानाला झालेल्या उशिरामुळे आमचं पुढचं विमान चुकलं. आपण दिलेल्या पर्यायी विमानाच्या दारात, आत मूळ प्रमाणपत्रं आहेत हे सांगितल्यावरही, आपल्या कर्मचाऱ्याने माझी हातातली सॅक ताब्यात घेतली. ती आपण हरवली. या एकाच प्रवासाच्या तक्रारीला आपण तीन क्रमांक देऊन ती तुकड्यांत निकाली काढली, ते मला मान्य नाही. सॅक सापडलेली नाही असं पत्र सात दिवसांत द्यावं. ते कोणत्याही रकमेच्या स्वीकृतीशी जोडू नये. सॅकबद्दल कायद्यातल्या मर्यादेनुसार वीस हजार रुपये, दुय्यम प्रतींचा आणि दिल्लीतल्या रात्रीचा खर्च पावत्यांनुसार, आणि झालेल्या त्रासाबद्दल पन्नास हजार रुपये द्यावेत. उशिराचं नेमकं कारण लेखी कळवावं. अन्यथा मी राहतो त्या बुलढाणा जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागेन.'

'मागेन' लिहिताना यांनी निशिगंधाकडे पाहिलं. आयोग खरंच बुलढाण्यालाच ऐकेल का, कंपनी तर दिल्लीकडची. ती म्हणाली, ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते. विमान देऊळगाव राजाला उतरत नसलं तरी नोटीस उतरते.

परतीच्या एसटीत मला फक्त तारखा दिसत होत्या. हे खिडकीतून बाहेर पाहत होते. मेहकर फाट्याजवळ म्हणाले, "पन्नास जास्त झाले का?" मी म्हटलं, नाही झाले. ते परत बाहेर पाहू लागले.

चौथ्या की पाचव्या दिवशी, रविवारी, घरी फोन आला. या वेळी मुलगा नव्हता, कुणी वयाने मोठ्या वाटणाऱ्या बाई होत्या, नोडल कार्यालयातून. यांनी फोन स्पीकरवर ठेवला. बाई अतिशय गोड बोलत होत्या. प्रकरण त्यांनी स्वतः पाहिलं होतं. विशेष बाब म्हणून पाच हजार आणि पुढच्या प्रवासासाठी एक व्हाउचर. सुधारित फॉर्म आज पाठवते, सही करून पाठवा, उद्या सकाळी सॅकचं पत्र तुमच्या ईमेलवर असेल. लिहून देते म्हणाल्या.

उद्या सकाळी. मी यांच्यासमोर उभी होते. हात जोडले, मान हलवली, तोंडाने आवाज न करता 'हो म्हणा' म्हटलं. माझ्या डोळ्यांसमोर आरोहीचं हमीपत्र होतं. पाच हजार आणि व्हाउचर घेऊन यांनी सगळी तक्रार मागे घेतली असती तरी मला चाललं असतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फोनकडे. त्यांची हिंदी अडखळते, ते आधी मनात मराठीत जुळवतात.

"मॅडम, पत्र हा माझ्या मुलीचा हक्क आहे. त्याच्या बदल्यात मी काही देणार नाही. पैशाचं आपण नंतर बोलू."

बाई म्हणाल्या की प्रक्रिया अशीच असते.

"मी तीस वर्षं प्रक्रियाच केली," हे म्हणाले. "दाखला अडवून कुणाकडून सही घेतली नाही."

फोन बंद झाला. मग मी रडले. ओरडले नाही, फक्त रडले. ते माझ्याजवळ बसले आणि म्हणाले की मला पण भीती वाटते. हे वाक्यही मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. पुढचे दोन दिवस आम्ही एकमेकांशी भाजी आणि दूध यांपलीकडे काही बोललो नाही. सोमवारी निशिगंधाने सुचवलं त्याप्रमाणे यांनी त्या फोनवरचं सगळं बोलणं, तारीख आणि वेळेसह, ईमेलने परत कंपनीला कळवलं आणि सरकारी पोर्टलवरच्या तक्रारीतही जोडलं. पत्र द्यायला सहीची अट घातली, हे आता फोनवर न राहता कागदावर आलं.

बुधवारी दुपारी पत्र आलं. कंपनीचं नाव, तारीख, रिपोर्टचा क्रमांक, आणि सदर सामान शोध घेऊनही सापडलेलं नाही, एवढाच चार ओळींचा मजकूर. पैशाचा उल्लेख नाही, फॉर्म नाही. शिकवणीची मुलं समोर होती. मी त्यांना लवकर सोडलं आणि शाळेत पळत गेले, चपला वेगवेगळ्या घातल्या आहेत हे तिथे पंजाबराव सरांनी दाखवलं.

त्यानंतरचे दिवस भराभर गेले. पोलीस ठाण्यातली नोंद, प्रतिज्ञापत्र. दाखल्याची दुय्यम प्रत यांनी त्याच दिवशी केली, आरोहीकडून रीतसर अर्ज मागवून. पंजाबराव सरांनी सही करताना विचारलं, "भाऊसाहेब, अर्जात विषय एकच हाय ना? नायतर परत धाडतो." तहसीलमधून अधिवासाची प्रत. मग अमरावतीला दोन फेऱ्या, दुसऱ्या फेरीत गुणपत्रिका हातात. सप्टेंबर संपायला फार दिवस उरले नव्हते. कुरियर नको, विमान नको, मीच घेऊन जातो, म्हणाले. या वेळी फाइल सॅकमध्ये नव्हती. बनियनच्या आत पोटाला बांधली होती, मी शिवून दिलेल्या पिशवीत.

इथवर लिहून मी उठले होते. आता दुसऱ्या दिवशी दुपारचे दोन वाजले आहेत आणि मी उरलेलं लिहिते आहे, कारण फोन येऊन गेला. आरोहीचा. कागद दाखवले, पडताळणी झाली, प्रवेश कायम. तिला हे सांगताना रडू आलं आणि मला आलं नाही. मग हे फोनवर आले. प्रवास कसा झाला हे न सांगता म्हणाले की रात्री गाडीत रेंज आली तेव्हा कंपनीचं उत्तर आलेलं पाहिलं. सॅकचे वीस हजार द्यायला ते तयार आहेत. दुय्यम प्रतींचा खर्चही देतो म्हणतात. उशिराबद्दल आणि दिल्लीच्या रात्रीबद्दल एक ओळ नाही, आणि फॉर्ममध्ये सगळे दावे मिटल्याचं तेच वाक्य आहे.

मी विचारलं, मग?

"निशिगंधाला कळवलं. सही करत नाही. आयोगात दाखल कर म्हटलं."

मी त्यांना सांगायला हवं होतं की आता पुरे, मुलीचं काम झालं, बुलढाण्याच्या तारखांना किती वर्षं जातील कोण जाणे, वकील, रजा, एसटी. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. काळजी संपलेली नाही, तिने फक्त जागा बदलली आहे. पण मला ते विमानाच्या दारातल्या रांगेत सॅक खांद्यावरून काढून देताना दिसले, आणि मी म्हटलं की येताना फाइल नीट आणा, आता ती आयोगात लागेल.